मधला लेखक गाळायचा का?

‘मावशी, मेकॉलेचं वाक्य मला एका पुस्तकात सापडलं. तळटीपेत नाव कुणाचं द्यायचं? सर म्हणतात, “उद्धृत” लिहू नको, वाचन कमी दिसतं.’
– नागपूरहून भाची

सरांचं अर्धं बरोबर आहे. पानोपानी ‘उद्धृत’ दिसलं की परीक्षकाच्या कपाळाला आठ्या पडतातच, इथे इंग्लंडातही. पण त्यांच्या उपायाने वाचन वाढत नाही, फक्त मधला लेखक गायब होतो. मग त्याने गाळलेला शब्द, चुकवलेलं साल, सगळं तुझ्या नावावर.

तू पाठवलेल्या फोटोत ‘रक्ताने, रंगाने भारतीय, पण रुचीने, मतांनी इंग्रज’ या वर्गाच्या वाक्याआधी तीन टिंबं आहेत. तिथेच थांबायला हवं होतं. हे वाक्य मेकॉलेच्या भारतातल्या शिक्षणावरच्या टिपणातलं. मूळ टिपण 2 फेब्रुवारी 1835 चं. शार्प यांनी संपादित केलेल्या सरकारी शैक्षणिक कागदपत्रांच्या 1920 च्या खंडात ते अख्खं आहे, एका बैठकीत वाचून होतं आणि नेटवर फुकट मिळतं. उघडलंस की टिंबांखाली काय गेलं ते दिसेल: हा वर्ग राज्यकर्ते आणि कोट्यवधी प्रजा यांच्यातला दुभाष्या असावा. आणि पुढचंच वाक्य म्हणतं की याच वर्गाने देशी भाषांत शास्त्राचे शब्द आणावेत, म्हणजे त्या हळूहळू लोकांपर्यंत ज्ञान न्यायला लायक होतील. म्हणून मेकॉले साधुपुरुष ठरत नाही. देशी वाङ्मयाची हेटाळणी त्याच टिपणात आहे. पण ‘त्याला देशी भाषा संपवायच्या होत्या’ यावर तुझं प्रकरण उभं असेल, तर त्या पुढच्या वाक्याला उत्तर द्यावं लागेल. इथे मूळ गाठलंच पाहिजे.

उलट, ‘हा इतिहासकार मेकॉलेला कसा वापरतो’ एवढंच सांगायचं असेल, तर त्याच्या पुस्तकात जसं छापलंय तसंच हवं, टिंबांसकट. ‘मेकॉले, उद्धृत’, पुढे त्या पुस्तकाचं नाव आणि पान. संदर्भसूचीत काय घालायचं ते तुमच्या विद्यापीठाची पद्धत बघून ठरव. एपीएमध्ये फक्त तू वाचलेलं पुस्तक जातं.

तुझ्या बाबांनी मध्येच स्वतःचं घोडं दामटलं. ‘भारतभर फिरलो, एक भिकारी दिसला नाही’ हे मेकॉलेचं ब्रिटिश संसदेतलं भाषण, तारीख टिपणाचीच, 2 फेब्रुवारी 1835, असं म्हणून त्यांनी ग्रुपवर टाकलं. भाऊजी, 1834 पासून तो भारतातच होता. त्या दिवशी लंडनच्या संसदेत बोलणार कसा? यावर त्यांचं उत्तर: ‘भावना तर खरी आहे ना!’ आता काय बोलावं?

‘मूळच पाहा’ हे इथून सांगणं सोपं आहे, मला मान्य. आमच्या ग्रंथालयात नसलेलं पुस्तक दुसरीकडून मागवून मिळतं. एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या मराठी साप्ताहिकाचा तोच अंक कुठे सापडत नसेल, तर ‘उद्धृत’ लिहिण्यात लाज कसली? पण मुख्य मुद्दाच अशा अवतरणावर टेकला असेल तर? माझी एक सहकारी म्हणते, मुद्दा सोडून द्या. मला ते पटत नाही. मुद्दा ठेवावा आणि मूळ अंक पाहायला मिळाला नाही, हे तळटीपेत सरळ लिहावं. सरांना विचार, ते काय म्हणतात.