दुप्पट वेगाची लिफ्ट आणि सकाळची रांग

«चार साध्या लिफ्टऐवजी तीन वेगवान लिफ्ट बसवा. वेग 1.75 वरून 3.5 मीटर प्रतिसेकंद केला की फेरीचा वेळ निम्मा होतो, रांग उरत नाही आणि एका शाफ्टची जागा भाड्याने देता येते. कमी पडलेच तर केबिन मोठी घ्या.»

हा संदेश ऐरोलीतल्या एका कार्यालयीन इमारतीच्या नियोजनात असलेल्या माझ्या भाच्याकडे आला आणि त्याच्या बैठकीत त्यावर गांभीर्याने चर्चाही झाली, म्हणून हे लिहावे लागत आहे. आराखड्यातून वगळलेला शाफ्ट इमारत उभी राहिल्यावर परत मिळत नाही.

वेळ निम्मा होतो, हे साफ खोटे आहे. तळमजल्याच्या वर 4 मीटर उंचीचे 14 मजले आणि 20 माणसांची केबिन घेऊ. ती 80 टक्के, म्हणजे 16 माणसांनी भरते असे धरण्याची रीत आहे. ही माणसे सर्व मजल्यांवर सारखी विखुरलेली असतील, तर केबिन एका फेरीत सरासरी 9.7 मजल्यांवर थांबते आणि दोन थांब्यांत सरासरी 5.6 मीटर अंतर पडते. दर सेकंदाला वेग 1 मीटर प्रतिसेकंदाने वाढतो असे धरले, तर 3.5 चा वेग गाठून पुन्हा थांबायला 12.25 मीटर लागतात. म्हणजे वर जाताना तो वेग बहुधा गाठलाच जात नाही आणि थांब्यामागे जेमतेम पाव सेकंद वाचतो. खरी बचत रिकामी केबिन खाली येताना होते, तीही सुमारे 14 सेकंदांची. दारांची उघडझाप तळमजला धरून प्रत्येक थांब्यामागे 5 सेकंद आणि प्रत्येक माणसाच्या चढण्याला 1.2 व उतरण्याला 1.2 सेकंद धरले, तर या दोन्हींत मिळून 92 सेकंद जातात आणि मोटरचा वेग त्यांना स्पर्शही करत नाही. एकूण फेरी 173 सेकंदांवरून 157 वर येते.

आता चार साध्या लिफ्ट असतील तर तळमजल्यावर दर 43 सेकंदांनी एक केबिन येईल. तीन वेगवान असतील तर 52 सेकंदांनी. राष्ट्रीय इमारत संहिता 45 सेकंदांपुढचे अंतर असमाधानकारक मानते. पाच मिनिटांत वर जाणारी माणसेही 111 वरून 92 वर येतात, आणि ऐरोली स्थानकात गाडी आली की माणसे एकेक करून नव्हे, लोंढ्याने येतात.

अतिउंच इमारतीत वरच्या मजल्यांची लिफ्ट खालचे मजले न थांबता ओलांडते, तिथे वेगाचे मोल आहे, एवढे मान्य करावे लागेल. मोठ्या केबिनमुळे थांबे आणि चढ-उतार वाढून फेरी लांबते, त्यामुळे दोन केबिनमधले अंतर आणखी वाढते.

पैसे खर्चायचेच असतील, तर आधी मधून उघडणाऱ्या, लवकर मिटणाऱ्या दारांवर खर्चावेत: थांब्यामागे एक सेकंद वाचला तरी फेरीत जवळजवळ 11 सेकंद वाचतात. पाचवी साधी लिफ्ट दिली, तर अंतर 35 सेकंदांवर येते.