प्रोब टोन म्हणजे नुसती आठवण? एका प्रतिक्रियेला उत्तर

"प्रोब टोनचे आकडे म्हणजे आत्ताच ऐकलेल्या स्वरांची आठवण, बाकी काही नाही. स्वरांचा क्रम तर हिशेबातच नाही. हे शिळं पाश्चात्य ज्ञान विद्यार्थ्यांच्या गळी उतरवणं थांबवा."

गळी उतरवणं? मतभेद जरूर मांडा, पण विद्यार्थ्यांना विचार करता येत नाही असं गृहीत धरून बोलू नका. संगीताच्या मानसशास्त्रातला प्रोब टोन प्रयोग, म्हणजे थोडं संगीत ऐकवून त्यानंतरचा एक स्वर त्यात किती बसतो हे श्रोत्यांना विचारणं, हा विषय मी बरीच वर्षं शिकवतो आणि "बाकी काही नाही" म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो: आकडे पाहिलेत का?

क्रमहान्सल आणि केसलर यांच्या 1982 च्या प्रयोगात आधी संदर्भ ऐकवला जाई, मग एक स्वर, आणि तो संदर्भात किती बसतो याला श्रोते 1 ते 7 गुण देत. सी मेजरचे सरासरी गुण ज्या संदर्भांतून निघाले, त्यांत तीन-तीन कॉर्डच्या तीन मालिका होत्या. शेवटच्या दोन कॉर्ड तिन्हींत त्याच: आधी जी-बी-डी, मग सी-ई-जी. पहिली तेवढी बदलायची: एफ-ए-सी, डी-एफ-ए किंवा ए-सी-ई.

आता मोजा. तिन्ही मालिका मिळून बी तीनदा वाजतो आणि दर वेळी शेवटून दुसऱ्या कॉर्डमध्ये. एफ दोनदाच वाजतो, तोही सुरुवातीच्या कॉर्डमध्ये, म्हणजे बीच्या आधी. नुसती आठवण असती तर बी वर हवा होता. प्रत्यक्षात एफला 4.09 आणि बीला 2.88. हा फरक तुमच्या वाक्यात कुठे बसवणार?

एक गोष्ट मान्य. सी, ई, जी हे सर्वांत जास्त गुणांचे स्वर शेवटच्या कॉर्डमध्येच आहेत, त्यामुळे तिथे आठवण आणि संगीत ऐकून ऐकून मनात बसलेली स्वरांची श्रेणी या प्रयोगापुरत्या वेगळ्या करता येत नाहीत. लेमन यांनी 2000 मध्ये अल्पकालीन स्मृतीच्या प्रतिमानातून या गुणांशी जुळणारे आलेख काढले, तेही खरं. पण त्या प्रतिमानात वाजलेल्या स्वरांची नुसती मोजणी नाही. कानाला भासणारे, प्रत्यक्ष न वाजलेले स्वरही त्यात धरले आहेत.

"पाश्चात्य" या शेऱ्याला एवढंच: कास्टेलानो, भरुचा आणि क्रमहान्सल यांनी 1984 मध्ये दहा हिंदुस्थानी रागांवर हाच प्रयोग केला. संदर्भात जो स्वर जास्त वेळ वाजला त्याला भारतीय आणि पाश्चात्य दोन्ही श्रोत्यांनी जास्त गुण दिले. इथे आठवणीचा वाटा आहेच. थाटाची छाप मात्र फक्त भारतीय श्रोत्यांच्या गुणांत दिसली, आणि ऐकवलेला संदर्भ तर दोघांनाही एकच होता.

क्रमाचं म्हणाल, तर एखादी रचना सी मेजरसारख्या कोणत्या 'की'मध्ये आहे हे शोधण्याच्या क्रमहान्सल-श्मुक्लर पद्धतीत बारा स्वरांचा एकूण कालावधी 24 मेजर-मायनर कींच्या प्रोब टोन गुणांच्या आलेखांशी ताडून पाहतात. स्वर उलटसुलट वाजवले तरी उत्तर तेच येतं. ही त्या पद्धतीची उघड मर्यादा आहे. स्वरश्रेणीच्या सिद्धांतात क्रमाकडे दुर्लक्ष होतं ही टीका बटलर यांनी 1989 मध्येच केली, आणि मी शिकवतो त्या मॉड्यूलमध्ये ती शिकवली जाते.