मर्यादेत बसत होतं, तरी दुरुस्ती का मागितली?

«चुकांची बेरीज यांच्याच मर्यादेच्या आत होती. ऐन सहीच्या तोंडावर मर्यादा खाली आणली, आणखी कागद मागितले आणि एंट्र्या गळ्यात मारल्या.»

नमस्कार. वरची तक्रार तुमची, उत्तर आमचं, म्हणजे तुमच्या ऑडिटरांचं. तुमचे आकडे चारचौघांत मांडणं आमच्या धर्मात बसत नाही, म्हणून कल्पित आकड्यांवर सांगतो.

ऑडिटच्या सुरुवातीला नफा ४ कोटी होईल असा अंदाज होता. त्याच्या ५ टक्के, म्हणजे २० लाख ही मटेरिअ‍ॅलिटी ठरली, म्हणजे जिच्यावरची चूक हिशेब वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकते ती मर्यादा. वर्षअखेरीस नफा निघाला ३ कोटी. राहिलेल्या चुका तोलण्याआधी ती मर्यादा प्रत्यक्ष निकालाला अजून शोभते का, हे पुन्हा तपासायला आयएसए ४५० हे ऑडिटचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. ३ कोटींना २० लाख शोभत नाहीत, १५ लाख शोभतात. मर्यादा उतरली की आधी केलेली तपासणीही तोकडी ठरू शकते. जादा कागद मागितले जातात ते त्यामुळे.

आता चुका. एका बिलावर वर्षाच्या शेवटच्या दिवसाची तारीख, पण गेट रजिस्टरात ट्रक दोन दिवसांनी बाहेर पडलेला: नफा ७ लाखांनी फुगला. वीज आणि वाहतुकीची बिलं नोंदवायची राहिली: ५ लाख. पडून असलेल्या मालाची तरतूद आमच्या मते ६ लाखांनी कमी. बेरीज १८ लाख, २० लाखांत बसणारी पण १५ लाखांत न बसणारी, आणि तिन्ही चुका नफा वाढवणाऱ्याच. एखादी उलट दिशेची असती तर वजावट तरी झाली असती.

अशा वेळी «नफ्याऐवजी विक्रीवर मर्यादा काढा, ती मोठी येईल» असं हमखास सुचवलं जातं. वर्षभर नफा हा आधार धरायचा आणि चुका मावत नाहीत म्हणून शेवटी आधार बदलायचा, याला फेरविचार म्हणत नाहीत. धंद्याचं स्वरूपच बदललं असेल तर गोष्ट वेगळी.

पहिल्या दोन चुकांत वादाला जागा नाही, कागद समोर आहे. त्या दुरुस्त केल्या की नफा २ कोटी ८८ लाख, मर्यादा साधारण १४ लाख आणि उरतात ६ लाख. ती तरतूद अंदाजाची बाब आहे. व्यवस्थापनाची कारणं पटण्याजोगी नसली तरी रक्कम मर्यादेत आहे, आणि बँकेच्या कर्जाची एखादी अट तिच्यामुळे मोडत नसेल तर तेवढ्यासाठी आम्ही ऑडिट अहवालात शेरा मारत नाही. व्यवस्थापनाच्या लेखी निवेदनाला जोडलेल्या यादीत ती जाते, संचालक मंडळाला कळवली जाते आणि पुढच्या वर्षी आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे. सापडलेली चूक वेळच्या वेळी कळवायची असते. आमच्याकडे ती नऊ दिवस फाइलीत पडून राहिली. यापुढे चुकांची यादी दर शुक्रवारी तुमच्या अकाउंट्स विभागाकडे येईल, आणि नफ्याचा अंदाज घसरताना दिसला की मर्यादेबद्दलचा फोन त्याच आठवड्यात.