दहा वर्षांत जंगल? आमच्या पडीक रानाने बावीस वर्षांत काय दाखवलं

“खडक असो नाहीतर पडीक शेत, माणसाने हात काढून घेतला की निसर्ग दहा वर्षांत तिथे घनदाट जंगल उभं करतो. आधी गवत, मग झुडपं, मग झाडं, हा नियमच आहे. सोलापूरचे माळ म्हणजे माणसाने अडवलेलं जंगल. जिथे हिरवं दिसू लागलं, तिथे जंगल सुरू झालं समजा.”

हा मजकूर गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे इतक्या जणांनी पाठवला की शेवटी सविस्तर लिहायला बसलो. त्यातलं एकेक वाक्य घेऊन बोलतो. मोहोळ तालुक्यात आमचं दोन एकर रान २००३ च्या दुष्काळात पडलं आणि पुन्हा कधी नांगरलं गेलं नाही. ते मी दरवर्षी पाहत आलो आहे, त्यामुळे माझं बरंचसं उत्तर तिथूनच येतं.

सुरुवात खडकापासून. खडक आणि पडीक शेत या एका वाक्यात बसणाऱ्या गोष्टी नाहीत. उघड्या खडकावर जीवसृष्टी शून्यातून उभी राहते, त्याला प्राथमिक अनुक्रमण म्हणतात. शेतात माती असते, मातीत बी असतं, मुळं असतात, बुरशी असते. तिथे जे घडतं ते दुय्यम अनुक्रमण. फरक मातीचा आहे, आणि माती हीच सगळ्यात हळू तयार होणारी गोष्ट आहे.

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्यात स्फुरद, कॅल्शियम, लोह आहे, पण नत्र जवळजवळ नाही. नत्र हवेतून आणावं लागतं, आणि ते काम आधी दगडावरच्या निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळाला करावं लागतं. दगडफूल दगडाला चिकटून वर्षाला एखाद-दुसरा मिलिमीटर पसरतं, कधी तेवढंही नाही. त्याच्या आम्लाने दगडाचा पृष्ठभाग किंचित सुटतो, उन्हाळ्यातल्या वावटळीची धूळ फटीत साठते, पावसाळ्यात त्या धुळीत मॉस धरतं आणि मॉस मेलं की त्याचं चिमूटभर खत होतं. एक बोटभर माती व्हायला शतकं लागतात. सोडून दिलेल्या दगडाच्या खाणीत कधी उतरून बघा. तळाच्या सलग कातळावर वीस-तीस वर्षांनीही दगडफूल आणि फटीतलं गवत एवढंच दिसतं. खाणीच्या कडेला जिथे मुरमाचा ढिगारा पडलेला असतो, तिथे मात्र बाभूळ उभी असते. जागा एक, साल एक, फरक एवढाच की मुरूम भुसभुशीत आहे आणि कातळ सलग आहे.

कुणी म्हणेल, जुन्या किल्ल्याच्या भिंतीत पिंपळ येतोच की. येतो, पण तो दगडावर येत नाही. दोन दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यात पाखराच्या विष्ठेतून बी पडतं आणि मुळी भिंतीच्या आतला ओलावा शोधते. एका पिंपळाखाली दुसरं रान तयार होत नाही.

जगात खडकावर रान लवकर आल्याची उदाहरणं आहेत, आणि तीच या मजकुराच्या मुळाशी असावीत. इंडोनेशियातलं क्राकाताऊ बेट १८८३ च्या ज्वालामुखीच्या स्फोटात राखेखाली गेलं आणि साधारण पन्नास वर्षांत तिथे बरंचसं झाडांनी झाकलं गेलं. पण तिथे वरून पडली ती मोकळी राख होती, कातळ नव्हता, आणि पाऊस सोलापूरच्या तीनपटीहून जास्त. उलट आइसलँडजवळ १९६३ मध्ये समुद्रातून वर आलेलं सुर्त्से बेट घ्या. तिथे झाडोऱ्याला खरा वेग आला तो समुद्रपक्ष्यांनी वसाहत केल्यावर, म्हणजे वीसेक वर्षांनी, कारण त्यांच्या विष्ठेतून नत्र मिळालं. साठ वर्षांनंतरही तिथे जंगल नाही. थंडी हे त्याचं एक कारण आहेच.

आता दहा वर्षांचा आकडा. शेतासाठी हा आकडा कुठे खरा ठरू शकतो आणि कुठे नाही, हे तपासायला एक चांगला दाखला आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १८८२ मध्ये गव्हाच्या शेताचा अर्ध्या एकराचा एक तुकडा कापणी न करता तसाच सोडून दिला. चार वर्षांत गहू जवळपास संपला. जी थोडी ताटं उरली ती खुरटी होती. त्यानंतर तणं आली, झुडपं आली, आणि तीसेक वर्षांत तिथे दाट झाडोरा झाला. त्याच तुकड्याच्या एका भागातली झुडपं माणसं दरवर्षी उपटत राहिली, तो भाग आजही झाडांविना आहे. त्या गावचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सोलापूरपेक्षा फार वेगळा नाही. पण तो बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि हवा थंड असल्याने टिकतो. आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो, मग आठ महिने कोरडे, आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर. रॉथॅमस्टेडला तीस वर्षं लागली, तर आपल्याला दहा पुरतील हे कसं शक्य आहे?

आमच्या रानाचं सांगतो. २००३ ला ज्वारी वाळून गेली आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, रान सोडलं. पहिल्या पावसात नुसती तणं आली: कुर्डू, एकदांडी, लव्हाळा, आणि गाजरगवत तर छातीपर्यंत. सांडलेली ज्वारी थोडी उगवली आणि पुढच्या वर्षी दिसली नाही. ही सगळी नांगरटीवर जगणारी तणं. माती दरवर्षी हलली नाही की त्यांचं बी वर येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बारमाही गवत शिरलं, कुसळीने हळूहळू वरचा पट्टा घेतला आणि गाजरगवत बांधाकडेला सरकलं. सहाव्या-सातव्या वर्षी तरवड वाढला. तो शेळी-गाय खात नाही, म्हणून चराईच्या रानात तोच आधी डोळ्यात भरतो.

इथेच “आधी गवत, मग झुडपं” हा नियम मोडतो. आमच्या रानात पहिल्याच पावसाळ्यात बोराटी उभी होती. ती बाहेरून आली नव्हती. वर्षानुवर्षं वखर फिरूनही बोराटीच्या मुळ्या खाली जिवंत असतात, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. वखराला अडकून कितीदा फास वाकली असेल. म्हणजे झुडूप गवताच्या आधीच त्या मातीत होतं, फक्त डोकं वर काढायची वाट बघत होतं. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँक एगलर यांनी १९५४ मध्ये हेच मांडलं: पडीक शेतात पुढे काय वाढणार हे बऱ्याच अंशी शेत सोडलं त्या दिवशी मातीत काय होतं यावर ठरतं. पाळीपाळीने एकाने दुसऱ्यासाठी जागा करून देणं हे काही ठिकाणी घडतं, सगळीकडे नाही.

आमच्याकडे दोन्ही घडलं. बोराटीच्या काट्यांत शेळी तोंड घालत नाही, म्हणून तिच्या पोटात हिवराची आणि निंबाची रोपं टिकली. ही खरी मदत. पण कुसळीने उलट केलं. तिची दाट मुळं वरच्या वीतभर मातीतलं पाणी पिऊन टाकतात, आणि मोकळ्या गवतात उगवलेलं रोप मार्चपर्यंत वाळतं. बाभळीचं किंवा हिवराचं रोप जगायचं तर त्याच्या सोटमुळाने त्याच पावसाळ्यात गवताची मुळं ओलांडून मुरमाच्या फटीत शिरायला हवं. ते लागोपाठ दोन बऱ्या पावसांतच जमतं. म्हणून आमच्या झाडांची वयं बघितली तर ती दरवर्षी एक-एक अशी नाहीत, झुबक्यांनी आहेत, आणि मधली कितीतरी वर्षं कोरडीच.

बी येणं हाही एक मोठा अडथळा. निंबाचं बी झाडावरून पडल्यावर काही आठवड्यांतच उगवण्याची ताकद घालवतं. पावसाच्या तोंडावर पाखराने ते आणून टाकलं तरच उपयोग. पाखरू टेकतं कुठे? बांधावरच्या झाडावर. म्हणून आमची निंबं जवळजवळ सगळी बांधालगत आहेत. बाभळीचं बी टणक असतं, शेळ्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून ते मधल्या रानातही येतं. तीच शेळी पुढच्या महिन्यात उगवलेलं रोपही खाते.

आता बावीस वर्षं झाली. रानाचा खालचा पट्टा ओढ्याकडचा, दोन हात खोल काळी माती. तिथे बाभळी, हिवर, निंब आहेत, सावली पडते, खाली पाला साठतो. वरच्या पट्ट्यात वीतभर माती आणि खाली मुरूम. तिथे आजही कुसळी आणि तरवड, झाडं बोटांवर मोजण्याइतकी आणि तीही बोराटीच्या आत. मालक एक, पाऊस एक, सोडल्याचं साल एक. आणि खालच्या पट्ट्यालाही घनदाट म्हणता येणार नाही. या पावसात वाढतं ते काटेरी, बुटकं, मध्ये आकाश दिसणारं रान.

माळांबद्दलचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते माळासाठीच. उथळ माती, कमी पाऊस, चरणारी जनावरं आणि अधूनमधून लागणारा वणवा यांनी घडलेलं गवताळ रान हे तिथलं पूर्ण झालेलं रूप आहे. माळढोकाला लांबवर दिसणारी मोकळी जागा लागते, काळविटाला धावायला लागते. तिथे ओळीने सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावलं की जंगल होत नाही, माळ मात्र जातो. एकदा नांगरलेला माळ सोडून दिला तरी जुनं गवत लवकर परतत नाही, कारण त्यातल्या कितीतरी वनस्पती कंदांवर आणि जुन्या मुळांवर जगतात, बियांनी त्या फार हळू पसरतात. आमच्या वरच्या पट्ट्यात बावीस वर्षांत पवन्या आलेला नाही. शेजारच्या कधीच न नांगरलेल्या माळावर तो ऑक्टोबरात गुडघ्यापर्यंत असतो. जुना माळ आणि पडलेलं शेत ओळखायची मी वापरतो ती खूण हीच: बांधाच्या पुसट रेषा शोधायच्या आणि पवन्या आहे का ते बघायचं.

राहिला हिरवेपणा. गावाबाहेर ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजली की लांबून छान हिरवं दिसतं. रान पुढे सरकतंय की अडकलंय हे लांबून कळत नाही, खाली वाकून बघावं लागतं. दिवाळीच्या सुमारास झाडाखाली जाऊन रोपं कोणाची आहेत ते मोजा. आमच्या खालच्या पट्ट्यात बाभळीखाली निंबाची रोपं आहेत, म्हणजे पुढची पिढी वेगळी आहे. वेडी बाभळीखाली बहुधा उघडी माती आणि तिचीच पोरं दिसतात. तिच्या गर्दीत दुसऱ्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि तोडली तर बुडखा पुन्हा दहा फांद्यांनी फुटतो. अण्णा खालच्या पट्ट्यात तिचं रोप दिसलं की पाऊस पडल्यावर, माती मऊ असताना, मुळासकट उपटतात. बोराटीला मात्र ते हात लावू देत नाहीत.