सूर्यरेषा बर्लिनवरून गेली, पुढे काय?

हा मजकूर सध्या बऱ्याच ग्रुपांत फिरतोय: "पुण्यात मर मर राबूनही यश नाही? दोष तुमचा नाही, जागेचा आहे. जन्मकुंडली त्या गावापुरतीच असते. शहर बदललं की लग्न बदलतं, ग्रहांची घरं बदलतात, नशीब बदलतं. अॅस्ट्रोकार्टोग्राफीच्या नकाशावर तुमची सूर्यरेषा कुठून जाते ते बघा. करिअर तिथेच होणार. शनिरेषेवर राहिलात तर फक्त कष्ट. हे शंभर टक्के खगोलशास्त्रीय गणित आहे आणि हजारो लोकांना अनुभव आलेला आहे. आपल्या ऋषीमुनींनाही हे ठाऊक होतं."

गणितापासून सुरुवात करू, कारण ते खरंच बरोबर आहे आणि माणसं भुलतात ती तिथेच. हा नकाशा जिम लुईस या अमेरिकन ज्योतिषाने 1970 च्या दशकात लोकप्रिय केला. कल्पना साधी आहे. तुम्ही जन्मलात तो क्षण धरायचा आणि विचारायचं, त्या क्षणी पृथ्वीवर कुठे कुठे सूर्य उगवत होता, कुठे मावळत होता, कुठे बरोबर माध्यान्हीला होता आणि कुठे मध्यरात्रीच्या जागी. प्रत्येक उत्तराची नकाशावर एक रेषा होते. सूर्य, चंद्र धरून दहा ग्रह आणि प्रत्येकाच्या चार रेषा, अशा एकूण 40. यातली माध्यान्हीची सूर्यरेषा म्हणजे करिअरची, मानसन्मानाची.

आता एक उदाहरण हाताने करून बघू. समजा, एका मुलीचा जन्म 15 एप्रिल 1992 ला पुण्यात दुपारी साडेचारला झाला. साडेपाच तास वजा केले की ग्रिनिचचे सकाळचे 11 वाजतात. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. ग्रिनिचला माध्यान्ह व्हायला एक तास बाकी आहे, म्हणजे त्या क्षणी माध्यान्ह 15 अंश पूर्व रेखांशावर आहे. 15 एप्रिलच्या सुमारास घड्याळाची आणि सूर्याची माध्यान्ह जवळजवळ जुळते, त्यामुळे दुरुस्तीचीही गरज नाही. ही रेषा प्रागच्या थोडी पूर्वेकडून जाते. बर्लिन 13.4 अंशांवर, म्हणजे रेषेपासून शंभरेक किलोमीटरवर. ज्योतिषी म्हणेल, "ताई, बर्लिन गाठा!"

रिलोकेशन चार्ट, म्हणजे नव्या गावासाठी पुन्हा मांडलेली कुंडली, तीही तेच सांगते. ही सॉफ्टवेअर्स बहुधा सायन पद्धतीने, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजून, चालतात. त्या हिशोबाने मुलीच्या पत्रिकेतलं पुण्यातलं लग्न, म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा बिंदू, कन्येच्या 23 अंशांवर येतं आणि सूर्य आठव्या स्थानात. जन्मक्षण तोच ठेवून गाव बर्लिन टाकलं की लग्न सिंहेच्या 13 अंशांवर सरकतं आणि सूर्य थेट दशमात, म्हणजे करिअरच्या स्थानात. आठव्यातला सूर्य दहाव्यात, म्हणजे पत्रिका पाहणाऱ्याच्या दृष्टीने सोन्याहून पिवळं. ग्रहांच्या राशी मात्र तसूभरही हलत नाहीत, त्यांचे आपसातले योगही तेच राहतात. बदलते ती फक्त क्षितिजाची चौकट.

इथवर सगळं ठीक. पण नीट बघा, वरच्या आकडेमोडीत सूर्यरेषेसाठी आपल्याला नेमकं काय लागलं? जन्माची वेळ. वर्ष लागलं नाही. तारीखही जेमतेम लागली, कारण वर्षभरात सूर्याची माध्यान्ह घड्याळाच्या पुढेमागे फार तर सोळाएक मिनिटं सरकते, म्हणजे रेखांशावर चार अंश. जन्माचं गावही लागलं नाही, कारण भारतभर घड्याळ एकच आहे. तेव्हा भारतात कुठेही, 1955 नंतरच्या कोणत्याही वर्षी, कोणत्याही दिवशी दुपारी साडेचारला जन्मलेल्या प्रत्येकाची करिअरची सूर्यरेषा मध्य युरोपातूनच जाते. पुण्याची ती मुलगी, गडचिरोलीचा एखादा शेतकरी, 1968 साली साडेचारला जन्मलेले एखादे काका, सगळ्यांची रेषा याच पट्ट्यात. "खास तुमचा" म्हणून पैसे घेऊन पाठवलेल्या नकाशातली सर्वांत भाव खाणारी रेषा म्हणजे तुमच्या जन्मदाखल्यावरचं घड्याळ आहे, दुसरं काही नाही. बुध सूर्यापासून 28 अंशांपलीकडे जात नाही आणि शुक्र 47 अंशांपलीकडे, त्यामुळे त्यांच्या रेषाही सूर्यरेषेच्या आगेमागेच घुटमळतात.

हाच हिशोब उलटा केला की हा दावा तपासताही येतो. सूर्यरेषा सिडनीवर यायची तर भारतात जन्म सकाळी साडेसातच्या सुमाराचा हवा. दुबईसाठी दुपारी पावणेदोन, लंडनसाठी संध्याकाळी साडेपाच. न्यू जर्सीसाठी रात्री साडेदहा आणि कॅलिफोर्नियाच्या सिलिकॉन व्हॅलीसाठी मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या आसपास. आता सिलिकॉन व्हॅलीत करिअर केलेली मराठी माणसं काय कमी आहेत? रेषेत दम असेल तर गणपतीला जमलेल्या तिथल्या गर्दीत रात्री एक ते अडीचच्या दरम्यान जन्मलेल्यांचा भरणा दिसायला हवा. आणि ज्यांच्या आईचं सिझेरियन आधी ठरवून सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान झालं, त्यांची सूर्यरेषा पूर्व उत्तर प्रदेशापासून कोरियापर्यंतच्या पट्ट्यात पडते. अमेरिकेच्या वाटेला ती जातच नाही. तरी ती मुलं अमेरिकेत जातात, शिकतात, नोकऱ्या करतात, घरं घेतात. (यावर उत्तर ठरलेलं असतं: "त्यांची गुरूरेषा तिथून जात असेल." त्याच्याकडे येतोच.)

त्याआधी जन्मवेळेचं बघू. दाखल्यांवरच्या वेळा बघा, साडेचार, पावणेपाच, पाच अशा किती गोल असतात ते. बाळ बाहेर आलं ती वेळ, रडलं ती, की नाळ कापली ती? सिस्टरने आधी बाळाकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. ते घड्याळ किती पुढे होतं, कोण सांगणार? चार मिनिटांची चूक म्हणजे रेषा एक अंशाने सरकली. आपल्या मुलीचा जन्म साडेचारऐवजी 4 वाजून 40 मिनिटांनी झाला असं धरा. रेषा 15 वरून साडेबारा अंशांवर येते, म्हणजे बर्लिनच्या पूर्वेला होती ती पश्चिमेला जाते. त्याचा परिणाम रिलोकेशन चार्टमध्ये असा, की सूर्य दशमातून उठून नवमात जाऊन बसतो. "बर्लिनला करिअर" असं होतं, ते आता "बर्लिनला धर्म आणि प्रवास" झालं. सीमा नेमकी 4 वाजून 36 मिनिटांच्या आसपास आहे. सिस्टरच्या नजरेच्या एका फेऱ्यावर माणसाने देश बदलायचा का? जुन्या पिढीचं तर बोलायलाच नको. मुंबईत मुंबई टाइम 1955 पर्यंत वापरात होता आणि तो भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. आजोबांची वेळ कुठल्या घड्याळाची, हे कळलं नाही तर रेषा जवळजवळ दहा अंश इकडची तिकडे.

आता अनुभवांकडे. बर्लिनच्या अक्षांशावरून पृथ्वीला एक फेरी मारली तर अंतर साधारण 24,400 किलोमीटर भरतं आणि वाटेत 40 रेषा ओलांडाव्या लागतात. म्हणजे सरासरी दर 610 किलोमीटरला एक रेषा. रेषेचा प्रभाव किती दूरवर पोचतो यावर या मंडळींचं एकमत नाही, पण दोन्ही बाजूंना 300 किलोमीटर एवढी माफक पट्टी धरली तरी निम्म्याहून जास्त जागा कुठल्या ना कुठल्या रेषेत येतात. पट्टी वाढवली की उरलेल्याही आल्या. शिवाय दोन रेषा जिथे छेदतात त्या अक्षांशावरही फळ असतं, असं सांगतात. मग कोणी टोरांटोत रमला की गुरूरेषा सापडते, वैतागला की शनिरेषा सापडते, आणि दोन्ही झालं तर दोन्ही सापडतात. सूर्यरेषा नसेल तर गुरूरेषा, ही सोय मुळातच ठेवलेली आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. बहुतेकांना आधी ऑफर लेटर येतं, मग व्हिसा होतो, मग विमानात बसणं आणि मग कधीतरी हौसेने नकाशा काढणं. अशा माणसाने "रेषेवर आलो आणि पगार वाढला" असं सांगितलं, तर पगार वाढणार होता म्हणूनच तो तिथे आला होता, हे त्याने स्वतःच आधी सांगितलेलं असतं. आणि माणूस गाव सोडायचा विचार करतो तो बहुधा सगळं बिनसलेलं असताना. अशा काळानंतर पुढची दोन-तीन वर्षं थोडी बरी जाणं हे गाव न सोडणाऱ्यांच्याही वाट्याला येतं. फक्त त्यांच्या नकाशाची कोणी पोस्ट करत नाही.

कधीकधी फ्रान्सच्या मिशेल गोकलँ या संशोधकाचं नाव पुराव्यादाखल पुढे केलं जातं. उगवल्यानंतर किंवा माध्यान्ह ओलांडल्यानंतर लगेचच्या जागेत मंगळ असताना नामवंत खेळाडू जरा जास्त जन्मतात, असा त्याचा दावा होता. 1955 पासून त्यावर वाद झाले आणि फेरतपासणीत तो टिकतो का यावर आजही भांडण आहे. पण समजा टिकला, तरी गोकलँने मोजलं ते जन्मगावाच्या क्षितिजावरून. खेळाडू पुढे कुठल्या शहरात राहायला गेले, याचा त्यात संबंधच नव्हता. उलट त्याचा दावा खरा असेल तर जन्मगावाचं क्षितिज आयुष्यभर पुरतं, आणि मग गाव बदलून काही बदलतं हे म्हणणंच अडचणीत येतं.

राहिले ऋषीमुनी. पारंपरिक ज्योतिषावर माझा विश्वास आहे की नाही हा वेगळा विषय, पण त्याच्या तोंडी नसलेलं त्याच्या नावावर खपवू नये. आपल्याकडे लग्न जन्मस्थळावरून एकदा काढतात आणि तेच धरून चालतात. आयुष्यात कुठल्या ग्रहाचा काळ कधी, हे सांगणारी विंशोत्तरी दशा चंद्राच्या नक्षत्रावरून निघते आणि जन्मक्षणी चंद्र ज्या नक्षत्रात होता, ते पुण्यातून बघा नाहीतर बर्लिनमधून, तेच असतं. शनीची महादशा विमानतळावर ठेवून जाता येत नाही. परदेशगमन होणार की नाही, हेही जन्मकुंडलीतल्याच नवव्या-बाराव्या स्थानांवरून बघतात. म्हणजे परंपरा म्हणते, तुझं गाव सुटणं पत्रिकेत आहे. नकाशावाले म्हणतात, गाव सोडलंस की पत्रिका बदलेल. दोन्ही एकाच वेळी गळी उतरवायचं तर बरंच पाणी लागेल.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर सॉफ्टवेअरची गरज नाही. भारतात जन्मून बाहेर स्थिरावलेल्या नातेवाइकांची यादी करा. आधी फक्त नावं आणि सध्याची शहरं लिहा, आणि कोणाचं करिअर चांगलं चाललंय यावर खूण करा. हे झाल्यावरच जन्मवेळा विचारा. 24 तासांच्या घड्याळात मांडलेल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा, उरलेले तास 12 मधून वजा करा आणि 15 ने गुणा. उत्तर धन आलं तर पूर्व रेखांश, ऋण आलं तर पश्चिम. पहाटे साडेपाचच्या आधीचा जन्म असेल तर वजाबाकीपूर्वी वेळेत 24 मिळवा. चार अंश इकडेतिकडे सोडून द्या आणि आलेला रेखांश त्यांच्या शहराशी ताडून पाहा. जमलं नाही तर गुरूरेषा शोधायला जाऊ नका. खूण आधी केली होती ती त्याचसाठी.