तापवा, पण जाळू नका!

सिगारेट सोडायचा विचार मनात आला असेल तर आधी तो विचार सोडा. सोडून मिळतं काय? सोडलेल्या माणसाकडे चारचौघांत दाखवायला काहीच उरत नाही. त्यापेक्षा गरम तंबाखूच्या यंत्राकडे वळा. हातात जाडसर पेनासारखं काहीतरी येतं, त्याला चार्जिंगची डबी असते आणि मुख्य म्हणजे सोबत एक वाक्य मिळतं: ‘सिगारेटच्या तुलनेत घातक रसायनं सरासरी ९५ टक्के कमी.’ हे वाक्य पाठ करून टाका. त्याच्याखाली बारीक अक्षरांत ‘याचा अर्थ धोका ९५ टक्के कमी असा होतोच असं नाही’ अशी एक ओळ असते. तिच्याकडे लक्ष देऊ नका. बारीक अक्षरं चाळिशी लागलेल्यांसाठी असतात.

टपरीवर उभं राहिलात की कोणीतरी विचारणारच, ‘हे व्हेप ना रे?’ इथे खचून जाऊ नका, उलट ही संधी साधा. सांगा की व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, तंबाखूचं पान नसतंच. तिथे प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनमध्ये कालवलेलं निकोटिन असतं आणि एक तापलेली तार त्या द्रवाची वाफ करते. सिगारेटमध्ये खरा तंबाखू असतो, पण तो जळतो. झुरका ओढला की टोकावरचा निखारा ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि त्या जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि डांबर तयार होतं. तुमचं यंत्र या दोघांच्या मधलं. तंबाखू खरा, पण तो ३५० अंशांपर्यंतच तापवायचा, पेटू द्यायचा नाही. २०१४ साली फिलिप मॉरिस इंटरनॅशनल या सिगारेट कंपनीने जपानच्या नागोया शहरात ‘आयकॉस’ विकायला काढलं, तेव्हापासून या प्रकाराची चलती आहे. यातलं एवढं जरी तोंडपाठ असलं तरी समोरचा गप्प होतो आणि वर तुम्हाला वैज्ञानिक समजतो.

एक पथ्य मात्र पाळा. यंत्रात घालतात ती तंबाखूची कांडी वापरून झाली की ब्लेडने उभी चिरून बघू नका. चिरलीत तर आत पान सापडणार नाही. दळलेल्या तंबाखूचा लगदा करून, त्यात ग्लिसरीन घालून, तो कागदासारखा लाटलेला असतो आणि त्या तावाच्या चुण्या घालून गुंडाळी केलेली असते. पुढे एक पोकळ नळी, मग प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची गाळणी, मग तोंडाकडचा भाग. ज्या यंत्रात तापणारं पातं कांडीत घुसतं, त्या कांडीत पात्याला चिकटून असलेला तंबाखू करपून काळपट झालेला दिसतो. जळला नाही हे खरंच. ज्वाळा नाही, राख नाही. पण ३५० अंश म्हणजे काही कोमट नव्हे. तेवढ्या उष्णतेत वनस्पतीचे रेणू तुटतात आणि त्यांतून नवी संयुगं बनतात. फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन जन्माला यायला आग लागतेच असं नाही. तेव्हा कांडी ओढा, टाका आणि विसरा.

आता येऊ ९५वर, कारण तुमचा सगळा डोलारा त्या आकड्यावर उभा आहे.

हा आकडा माणसांवरून काढलेला नाही. प्रयोगशाळेत एक यंत्र असतं, ते दर ३० सेकंदांनी ५५ मिलिलिटरचा एक झुरका ओढतं. त्याला एकदा गरम तंबाखूची कांडी लावतात आणि एकदा ‘थ्री आर फोर एफ’ नावाची संदर्भ सिगारेट. ही सिगारेट दुकानात मिळत नाही, अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाने ती संशोधकांसाठी काढली. मग दोन्हीकडच्या धुरातली, किंवा वाफेतली म्हणा हवं तर, ठरावीक रसायनं मोजतात, प्रत्येक किती टक्क्यांनी घटलं ते काढतात आणि त्या टक्क्यांची सरासरी करतात. सरासरीत निकोटिन धरत नाहीत. धरणार कसं? ते मुद्दामच सिगारेटच्या तोलामोलाचं ठेवलेलं असतं, नाहीतर तुम्ही दुसरी कांडी का घ्याल?

सरासरीचा स्वभाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे, तरी एक हिशोब करून बघा. समजा दहा रसायनं मोजली. नऊ रसायनं ९९ टक्क्यांनी घटली आणि दहावं ५९ टक्क्यांनीच घटलं. सरासरी? बरोबर ९५. ते दहावं रसायन ४१ टक्के जागेवर बसलेलं आहे, पण जाहिरातीत ते दिसत नाही. शिवाय या सरासरीत सगळ्यांना सारखं वजन. एखादं जहाल कर्कजनक आणि एखादं नुसतं घसा खवखवणारं, दोघांचं मत एकच. लोकशाही म्हणतात ती हीच. कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझिन मात्र खरोखर जवळजवळ नाहीसे होतात, ते जळण्याचंच अपत्य असल्यामुळे. कंपनी खोटं बोलत नाही. खोटं बोलायची तिला गरजच पडत नाही.

कारण काय मोजायचं हेही आधी ठरवता येतं. कंपनीची ५८ रसायनांची यादी होती, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, ९३ जणांची होती. कंपनीने एफडीएला जी कागदपत्रं दिली, त्यांत या दोन्ही याद्यांबाहेरच्या पदार्थांचेही आकडे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ते चाळले, तेव्हा ५६ पदार्थ असे निघाले की जे आयकॉसमध्ये सिगारेटपेक्षा जास्त होते. त्यांतले २२ तर २०० टक्क्यांहून जास्त वाढलेले. वाढलेल्यांमध्ये ग्लिसिडॉल आहे, ज्याला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ‘माणसात बहुधा कर्करोग करणारं’ म्हणते. यातल्या कित्येकांचा श्वासातून गेल्यावर काय परिणाम होतो, याची माहिती तुटपुंजी आहे. पण तुम्ही का काळजी करता? जे यादीत नाही ते सरासरीत नाही, आणि जे सरासरीत नाही ते तुमच्या वाक्यात नाही.

एखादा खवट डॉक्टर मित्र विचारेल, ‘विष ९५ टक्के कमी झालं म्हणजे हार्ट अटॅकही ९५ टक्के कमी का?’ त्याला टाळा, कारण त्याने वाचन केलेलं असतं. २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून एक निष्कर्ष छापून आला. रोज २० सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका रोज फक्त एक ओढणाऱ्यालाही असतो. म्हणजे सिगारेट ९५ टक्क्यांनी कमी, आणि हृदयाचा जादा धोका जेमतेम निम्म्यावर. रक्तवाहिन्यांना टक्केवारी शिकवलेली नाही. थोड्याशा विषानेच त्या बिथरतात, पुढच्या विषाने त्यामानाने कमी. आता हा अभ्यास सिगारेटचा, गरम तंबाखूचा नव्हे. तेव्हा ‘हे आमच्या यंत्राला लागू नाही’ असं ठणकावून सांगा. कोणाला लागू आहे हे कळायला वीसतीस वर्षांचा अनुभव लागतो आणि यंत्र बाजारात येऊन तेवढी झाली नाहीत. तोपर्यंत अज्ञानाचा फायदा तुम्हालाच.

एफडीएने जुलै २०२० मध्ये काय केलं तेही अर्धंच सांगायचं. कंपनीने दोन गोष्टी मागितल्या होत्या: ‘रसायनांशी संपर्क कमी होतो’ असं म्हणायची परवानगी आणि ‘आजारांचा धोका कमी होतो’ असं म्हणायची परवानगी. पहिली मिळाली, दुसरी नाकारली. पहिल्या परवानगीतल्या मजकुरातही ‘सिगारेट पूर्णपणे सोडून इकडे वळल्यास’ अशी अट आहे. सांगताना तुम्ही एवढंच म्हणा, ‘अमेरिकेच्या सरकारने मान्यता दिली आहे.’ उरलेलं समोरचा आपल्या मनाने पूर्ण करतो.

त्या ‘पूर्णपणे’चा तर अजिबात विचार नको. जेवणानंतर यंत्र, दारूसोबत सिगारेट, ऑफिसात यंत्र, टपरीवर मित्रांबरोबर सिगारेट, हाच तुमच्यासारख्यांचा खरा दिनक्रम असतो. समजा तुम्ही २० सिगारेटींच्या १० केल्या आणि १० कांड्या जोडल्या. कंपनीचा आकडा जसाच्या तसा मान्य केला तरी १० सिगारेटींचं विष पूर्ण आणि १० कांड्यांचं मिळून अर्ध्या सिगारेटचं. म्हणजे एकूण साडेदहा. घट ९५ टक्के नाही, साडेसत्तेचाळीस. आणि हृदयाचं आत्ताच सांगितलं तसं, ते साडेसत्तेचाळीस टक्क्यांच्या हिशोबाने माफी देत नाही.

‘आगच नाही तर आजार कुठून?’ हा तुमचा शेवटचा बाण. हा महाराष्ट्रात जरा जपून मारा. इथे दोन पिढ्यांनी तंबाखूला चुना लावून, मळून, गालात धरून आयुष्य काढलं. त्यांच्या तळहातावर कधी निखारा पडला नाही. तंबाखू सुकवताना, मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची कर्कजनक रसायनं तयार होतात. ती पानातच असतात, काडी पेटवायची वाट बघत नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाच्या ओपीडीबाहेर बसलेल्यांपैकी कित्येकांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नसते. गरम तंबाखूच्या वाफेत ही नायट्रोसामाइन सिगारेटपेक्षा बरीच कमी येतात, हे कबूल. पण तुलना कोणाशी? जगातल्या सर्वांत घातक चैनीशी. दगडापेक्षा वीट मऊ, हे खरंच. ती डोक्यात घालून घ्यायची असेल तर हा मऊपणा उपयोगी पडतो. जो मुळात ओढतच नाही त्याच्या मानाने किती टक्के, हा रकाना त्या तक्त्यात छापलेला नसतो. तुमच्या कॉलेजातल्या पुतण्याने विचारलं तर विषय बदला.

एवढं सगळं पटून घ्यायचंच असं ठरवलं असेल, तर एक व्यावहारिक अडचण उरते. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटवर बंदी आली आणि त्यातल्या व्याख्येत गरम तंबाखूची यंत्रंही बसवलेली आहेत. बनवणं, विकणं, आयात करणं, जाहिरात करणं, सगळंच गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा परदेशाहून येताना विमानतळावर सामान उघडायला सांगितलं तर घाबरू नका. यंत्र ते काढून घेतील. शेजारी ठेवलेल्या १०० सिगारेटी मात्र करमाफीच्या मर्यादेत बसतात, त्या मोजून, व्यवस्थित परत बॅगेत ठेवून देतील.