मिटवलेल्या घड्याळावर राहिलेल्या लॉकबाबत

ग्राहकाचा अभिप्राय: "भाऊबीजेला बहिणीला देण्यासाठी नौपाड्यातील या दुकानातून वापरलेलं अ‍ॅपल वॉच घेतलं. घरी फोनला जोडायला गेलो तर कुणा दुसऱ्याच माणसाचा पासवर्ड मागतंय. सगळं पुसून दिलंय म्हणाले होते. बहिणीसमोर मान खाली गेली."

नमस्कार. चूक आमचीच आहे आणि त्याबद्दल मी आपली व आपल्या भगिनींची मनापासून क्षमा मागतो.

घड्याळ पुसलेले होते हे खरे, परंतु ते ज्या पद्धतीने पुसले गेले होते, त्या पद्धतीने लॉक निघत नाही. मूळ मालकांनी आपला आयफोन आधीच विकला होता, त्यामुळे त्यांनी घड्याळाच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन Erase All Content and Settings हा पर्याय वापरला. त्याने आतील माहिती जाते, पडदा नव्या घड्याळासारखा दिसतो, पण Activation Lock मालकाच्या खात्याशी बांधलेला असल्यामुळे तसाच राहतो आणि नवा फोन जोडायला घेतल्यावरच समोर येतो. आमच्या मुलाने सुरुवातीचा पडदा पाहिला आणि घड्याळ डबीत ठेवले. दुकानातील आयफोनला ते जोडून पाहिले असते, तर हा पासवर्ड काउंटरवरच मागितला गेला असता.

हा लॉक आम्हाला काढता येत नाही, आणि चोरीच्या घड्याळांचा विचार करता तो कोणत्याही दुकानदाराला काढता येऊ नये, असेच माझे मत आहे. म्हणून मी मूळ मालकांना फोन केला. त्यांनी iCloud.com/find येथे आपल्या खात्याने प्रवेश करून, उपकरणांच्या यादीतून ते घड्याळ खात्यातून काढून टाकले आहे. आपण घड्याळ चार्जरवर ठेवून बंद-चालू करावे आणि फोनला पुन्हा जोडावे; आता पासवर्ड मागितला जाऊ नये. तरीही मागितला, तर घड्याळ परत आणावे, पूर्ण रक्कम त्याच वेळी मिळेल.

आपले जुने घड्याळ आम्हाला देण्याचा आपला विचार होता, म्हणून एवढे सांगतो की ते घरीच, आयफोन जवळ असताना सोडवावे. फोनवरील Watch अ‍ॅपमध्ये All Watches उघडून घड्याळाशेजारच्या i या खुणेवर बोट ठेवले की Unpair Apple Watch दिसते. तिथे अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड विचारला जातो आणि तो दिल्यावरच लॉक निघतो. पुष्कळ जण नेमका इथेच कंटाळून मागे फिरतात. या मार्गाने घड्याळ पुसलेही जाते आणि त्याआधी त्याचा बॅकअप फोनमध्ये आपोआप घेतला जातो, जो घड्याळावरून पुसल्यास मिळत नाही. घड्याळात मोबाईल जोडणी असेल, तर ती ठेवायची की काढायची हेही विचारले जाते. घड्याळ दुसऱ्याला द्यायचे असल्याने ती काढावी आणि कंपनीकडे ती बंद झाल्याची खात्री करून घ्यावी, नाहीतर बिल आपल्याच नावे येत राहील.

आजपासून आमच्याकडे येणारे प्रत्येक घड्याळ विकणाऱ्याच्या देखत आमच्या फोनला जोडून पाहिल्याखेरीज पैसे दिले जाणार नाहीत.